आईचं करताना आधी रात्री वाटून घ्या

घरात आई अंथरुणाला टेकली की नवराबायकोत कामांची वाटणी सुरू होते. आंघोळ कोण घालणार, औषधं कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, असं सगळं दिवसाचं बोलणं होतं. रात्रीचं कुणी काही ठरवत नाही. जिची झोप हलकी ती उठते, आणि बहुतेक घरांत ती सून असते. अशी तीन-चार महिने तुटक झोप झाली की ती चहाच्या कपावरूनही चिडते, नवरा गप्प होतो, आणि भांडण मात्र भलत्याच गोष्टीवरून होतं. पक्षाघातानंतरच्या व्यायामांसाठी मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गावांतून घरोघरी जाते. संसारात आंबटपणा यायला सुरुवात रात्रीच्या जागरणापासून होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून या लेखात फक्त रात्रीबद्दल लिहिते. रात्री आईचं उठणं कमी कसं करायचं, उरलेलं दोघांनी कसं वाटायचं, आणि त्यातून नवराबायकोची खोली पुन्हा त्यांची कशी करायची, या क्रमाने.

उदाहरण म्हणून देवगड तालुक्यातलं एक घर घेते. आई ७८ वर्षांच्या, पक्षाघाताने डावी बाजू कमजोर. आधाराने उभ्या राहतात, दोन-चार पावलं टाकतात, बोलणं समजतं. मुलाची हापूसची कलमं, सून अंगणवाडी सेविका. थोरला भाऊ मुंबईला, बहीण कणकवलीजवळ दिलेली. सून पाच महिने सासूच्या खाटेजवळ माजघरात निजत होती, नवरा आतल्या खोलीत. दोघांपैकी कुणाचीच चूक नव्हती, पण त्या पाच महिन्यांत दोघांचं बोलणं गोळ्या, संडास आणि पैसे यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

पहिला आठवडा: फक्त लिहून ठेवा

काहीही बदलण्याआधी खाटेजवळ एक वही ठेवा. रात्री आई उठवतील तेव्हा तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कशासाठी, आणि परत झोपायला किती वेळ लागला. सात रात्री. दिवसाच्या पानावर त्या काय-काय प्यायल्या आणि कुठली गोळी किती वाजता घेतली तेवढं टिपा.

ही वही महत्त्वाची आहे, कारण जागणाऱ्या माणसाला वाटतं की आपण रात्रभर जागेच होतो, आणि न जागणाऱ्याला वाटतं की एक-दोनदा तर उठावं लागतं. दोघंही खोटं बोलत नसतात. वही समोर आली की हा वाद संपतो. त्या घरच्या वहीत साधारण पाच वेळा उठणं निघालं: अकरा, साडेबारा, दोन, सव्वातीन, साडेचार. यातल्या तीन वेळा लघवी, एकदा कूस बदलायला, आणि एकदा आई अंधारात घाबरून हाका मारत होत्या. परत डोळा लागायला दर वेळी वीस मिनिटं ते अर्धा तास. पाच महिने असं चाललं तर कुठलंही माणूस मोडेल. नवऱ्याने ही वही वाचली तो दिवस त्या घरात महत्त्वाचा ठरला. तोवर त्याला खरंच कल्पना नव्हती.

लघवीसाठीचं उठणं कमी करणं

रात्रीच्या उठण्यातलं सगळ्यात मोठं कारण लघवी असतं, आणि सगळ्यात जास्त सुधारणाही तिथेच होते.

आधी संध्याकाळनंतर पोटात काय जातं ते बघा. आपल्याकडे आजारी माणसाला रात्री हलकं म्हणून पेज देतात, नाहीतर पातळ कुळथाची पिठी आणि मऊ भात. वर सातचा चहा. हे सगळं पाणीच आहे. पाणी कमी करायचं नाही, वेळ बदलायची. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी बंधन घातलं नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटर, म्हणजे घरातल्या स्टीलच्या पेल्याने सात-आठ पेले पोटात जायला हवेत. त्यातले सहा संध्याकाळी पाचच्या आत संपवा. पेज सकाळी न्याहारीला द्या, सोलकढी दुपारी. रात्री मऊ भात आणि जरा दाट पिठी. चहा चारला, त्यानंतर नाही. रात्रीच्या गोळ्या अर्ध्या पेल्यात. पक्षाघातानंतर पातळ पिताना ठसका लागत असेल तर सरळ बसवूनच पाजा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. ठसका रोजचा असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दिवसभर पाय खाली सोडून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांत पाणी उतरतं, घोटे सुजतात. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणजे पाणी न पाजताही रात्री लघवी भरपूर होते. घोट्याजवळ अंगठ्याने जरा वेळ दाबून बघा. खड्डा राहिला तर सूज आहे. अशा वेळी दुपारी दोन ते चार पाय उशीवर, छातीच्या पातळीला येतील इतके वर ठेवून निजवा. ते पाणी संध्याकाळपर्यंत बाहेर पडून जातं. ही सूज कशाने आहे ते डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अम्लोडिपिनने, पाय सुजतात. सूज अचानक वाढली, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला तर हे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची वेळ. लघवी वाढवणारी गोळी बहुधा सकाळी द्यायची असते, पण घरात सगळ्या गोळ्या एका डब्यात आणि एका वेळी द्यायची सवय लागते. या घरात ती रात्री आठला जात होती. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी ती सकाळी आठला केली. गोळ्यांत आपण स्वतः काही बदलायचं नाही, पण "ही गोळी कुठल्या वेळची?" हा प्रश्न प्रत्येक गोळीबद्दल विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

याशिवाय बद्धकोष्ठ असेल तर मूत्राशयावर दाब येऊन सारखं लागतं. साखर वाढली तरी लागतं. आणि लघवीला एकाएकी वास, ताप किंवा नवीन गोंधळलेपण आलं तर जंतुसंसर्ग असू शकतो. म्हाताऱ्या माणसाला जळजळ होईलच असं नाही. काल बरं बोलणारी आई आज भलतंच बोलू लागली तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

झोपेची गोळी मागण्याचा मोह होतो, तो मी समजू शकते. पण या वयात अशा गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि अर्धवट झोपेत उठून पडलेल्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तर तुमच्या रात्री आणखी अवघड होतात.

खाट कुठे, कमोड कुठे

जुन्या घरांत आजारी माणसाची खाट माजघरात टाकतात. ते घराचं पोट, सगळ्यांचं लक्ष राहतं. पण माजघरात दिवसाही अंधार असतो. दिवसाउजेड डोळ्यांना मिळाला नाही की म्हाताऱ्या माणसाची दिवसरात्र उलटी होते. दुपारभर झोप आणि रात्री हाका. म्हणून जमेल तर खाट ओटीलगतच्या खोलीत हलवा, आणि सकाळी आठ ते दहा त्यांना ओटीवर किंवा पुढच्या पडवीत बसवा, जाणारे-येणारे दिसतील, बोलणं होईल. दुपारची झोप पाऊण तासाच्या वर नको. पाय वर करून पडायचं तेव्हा रेडिओ लावून जागं ठेवा.

बऱ्याच घरांत संडास मागच्या पडवीच्या पलीकडे असतो. मध्ये उंबरठे, आणि पावसाळ्यात निसरडं अंगण. रात्री तिथे न्यायचंच नाही. कमोडची खुर्ची खाटेला लागून, सशक्त बाजूला ठेवा. आपल्या उदाहरणात उजवीकडे. खाटेची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. खाट बुटकी असेल तर पायांखाली खोबण केलेले लाकडी ठोकळे घालून घ्या, गावचा सुतार करून देतो. एवढ्या एका बदलाने उठवणाऱ्याची कंबर वाचते.

उठवायची रीत दोघांनीही शिकायला हवी, कारण "मला ते जमत नाही" याच वाक्याने वाटणी मोडते. आधी आईंना सशक्त कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, आणि त्यांनाच सशक्त हाताने गादी दाबत उठू द्या, तुम्ही खांद्यामागे फक्त आधार द्या. कडेवर मिनिटभर बसू द्या, चक्कर येत नाही ना बघा. कमरेला जुनी सुती साडी दुमडून पट्ट्यासारखी घट्ट बांधा आणि त्या पट्ट्याला धरून उभं करा. काखेत हात घालून कधीच उचलू नका. कमजोर बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो निखळतो आणि मग ते दुखणं महिनोनमहिने जात नाही. तुमचा गुडघा त्यांच्या कमजोर गुडघ्यासमोर टेकवा म्हणजे तो मुडपणार नाही. पाऊल सशक्त बाजूकडे.

कूस बदलणं आणि पावसाळा

ज्यांना स्वतः वळता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवावं, असं सांगतात. ते बरोबर आहे, पण चांगली जाड फोमची गादी किंवा हवेची गादी असेल आणि कातडी निरोगी असेल तर रात्री ही वेळ हळूहळू चार तासांपर्यंत नेता येते. म्हणजे दहा, दोन आणि सहा. हे परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारून करा आणि सकाळी तपासत राहा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब काढल्यावर फिका पडून परत लाल झाला तर ठीक. फिका पडलाच नाही तर तो जखमेचा पहिला टप्पा आहे, वेळ ताबडतोब परत दोन तासांवर आणा आणि त्या जागेवर भार येऊ देऊ नका. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताने बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का. त्या जागेला चोळू नका, आणि भोकाची रबरी गोल उशी वापरू नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी अडतो. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून जरासं कलतं ठेवायचं, आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी.

हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. पंपाला वीज अगदी थोडी लागते, साधारण १० वॉटच्या आसपास, तेव्हा तो इन्व्हर्टरवर जोडून ठेवा आणि खाली साधी फोमची गादी राहू द्या. पावसात चादरी वाळत नाहीत, म्हणून कमरेखाली घालायचे सुती तुकडे आठ-दहा तरी हवेत. ओलसर कातडी लवकर सोलते. जांघेत पावडरचे गठ्ठे होऊ देऊ नका. कोरडं टिपून झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

मुलाने आईचं करायचं, ते कसं

रात्री वाटायच्या म्हणजे मुलाला आईला कमोडवर बसवावं लागणार, आणि इथे अडतं. आईला लाज वाटते, मुलाला संकोच वाटतो, आणि सून म्हणते, "राहू द्या, मीच करते." तिघांच्याही मनात प्रेमच असतं, पण परिणाम असा होतो की सून एकटी पडते.

सुरुवात रात्रीपासून करू नका. पहिला आठवडा मुलाने दिवसा आईच्या डोक्याला तेल लावावं, पायाची नखं कापावीत, पायांना तेल चोळावं. आईच्या अंगाला मुलाच्या हाताची सवय होऊ द्या. मग रात्रीसाठी मागून उघडा राहणारा सैल गाऊन शिवून घ्या. कमोडवर बसवताना मांडीवर चादर आधी टाकायची, गाऊन मागून आपोआप बाजूला होतो. बसवलं की मुलाने पाठ करून दाराशी उभं राहायचं, आणि झालं की हाक मारायची. उजवा हात चालत असेल तर पुसणं त्या स्वतः करतात, त्यांच्या हाताला पुरेल अशा ठिकाणी ओला रुमाल ठेवा. नीट धुणं सकाळी सून किंवा कामाची बाई करते. म्हणजे आईची लाज राखली जाते आणि रात्रीचं काम मुलाकडून होतं. आई अजिबात तयार नसतील तर जबरदस्ती नको, पण मग त्या रात्रींच्या बदल्यात मुलाने दिवसाचं तितकंच जड काम घ्यायला हवं, आणि रात्रीसाठी बाई शोधायचा खटाटोपही त्यानेच करायला हवा.

हे आईला सुनेने सांगायचं नाही. मुलानेच खाटेवर बसून सांगायचं. त्या घरी त्याने एवढंच म्हटलं, "आये, आज रात्री मी आसंय. तिका जरा निजांदे." आई जरा रुसल्या, दोन रात्री हाक सुनेलाच मारली. तिसऱ्या रात्री त्याला मारली.

सुनेसाठीही एक अवघड गोष्ट आहे. तो करत असताना दारात उभं राहून "तसं नाही, असं" म्हणायचं नाही. तो गाऊन उलटा घालेल, चादर वाकडी टाकेल. पडण्याची किंवा ठसक्याची भीती नसेल तर जाऊ द्या. दर वेळी चूक दाखवली की माणूस काम सोडतो आणि मग काम परत तुमच्याच गळ्यात येतं.

रात्रींची वाटणी

रात्र अर्धी-अर्धी वाटावी की एक रात्र तुझी, एक माझी? मला एकाआड एक रात्र जास्त बरी वाटते. अर्ध्या रात्रीत दोघंही अर्धवट झोपतात. एकाआड एकमध्ये प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी सलग सहा-सात तास तरी मिळतात, आणि आठवड्यातून तीन पूर्ण झोपा माणसाला परत माणसात आणतात. अपवाद असा की घरात कुणी पहाटेच कामाला जात असेल तर त्याने पहिला अर्धा घ्यावा. आंब्याच्या हंगामात, मार्च ते मे, तोडणीसाठी बागायतदार पाचला उठतो, तेव्हा तो दहा ते दोन आणि ती दोन ते सहा, असं बदलून घ्यावं. मच्छीमार घरांत नवरा रात्री बोटीवर असतो, तिथे वर्षाचा हिशोब करावा लागतो: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत बहुतेक रात्री त्याच्या.

वाटणी टिकवायला दोन नियम पुरतात. एक, ज्याची रात्र नाही त्याने लांबच्या खोलीत, दार लावून, पंखा चालू ठेवून निजायचं. पाच महिने जागलेल्या सुनेचा कान आईच्या खोकल्यालाही जागा होतो. पहिल्या आठवड्यात ती उठून बसेल. तरी बाहेर यायचं नाही. दोन, ज्याची रात्र आहे त्याने दुसऱ्याला फक्त तीन कारणांसाठी उठवायचं: आई पडल्या, श्वास लागला किंवा बेशुद्धपणा वाटला, एकट्याने उचलणं अशक्य झालं. औषध कुठे आहे, चादर कुठे आहे, यासाठी नाही. ते सगळं खाटेजवळच्या पेटीत संध्याकाळीच लावून ठेवा. तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद नव्याने गेली, बोलणं अडखळलं तर दोघांनी चर्चा न करता १०८ लावा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आपल्या गावांपासून ती सोय असलेलं रुग्णालय लांब असतं.

आठवड्यातली एक रात्र दोघांचीही नसावी. त्या घरी बहीण शनिवारी दुपारी येते आणि रविवारी जाते. जिथे बहीण नाही तिथे गावातली एखादी विश्वासाची बाई पैसे देऊन एका रात्रीसाठी ठेवा. महिन्यातल्या चार रात्रींचा खर्च काढायचा असेल तर तो मुंबईच्या भावाकडे मागायची सगळ्यात रास्त जागा हीच आहे.

परत एका खोलीत

पाणी-गोळ्यांच्या बदलांनंतर त्या घरी पाचाचं उठणं दोनावर आलं, साधारण एक आणि साडेचार. असं झालं की नवराबायकोने वेगळं निजायचं कारण उरत नाही. बॅटरीवर चालणारी बिनतारी दाराची घंटा आणा. तिचं बटण आईच्या उजव्या हाताशी, उशीच्या कडेला सुतळीने बांधून ठेवा, आणि घंटा आतल्या खोलीत, ज्याची रात्र आहे त्याच्या बाजूला, आवाज कमी करून. दिवसा चार-पाच वेळा आईंकडून वाजवून घ्या म्हणजे सवय होते. खाटेजवळ पायाशी एक मंद दिवा रात्रभर राहू द्या, अंधाराने घाबरून हाका मारणं त्यानेच बरंचसं थांबतं. ज्यांना विस्मरण आहे, ज्यांना बटण कळत नाही किंवा जे स्वतःहून उठायला जातात, त्यांच्यासाठी ही घंटा पुरत नाही. तिथे जवळ निजावंच लागतं.

दोघं एका खोलीत आली म्हणजे लगेच सगळं पूर्वीसारखं होत नाही. दिवसभर एका शरीराला धुणं, पुसणं, उचलणं केलेल्या हातांना रात्री कुणाचाच स्पर्श नको वाटतो. हे नाकारणं नसतं, थकवा असतो. पण ते बोललं नाही तर दुसऱ्याला नाकारल्यासारखंच वाटतं. "आज नुसतं जवळ निजूया" हे वाक्य तोंडातून निघायला हवं. आणि जवळीक रात्रीच हवी असंही नाही. बहीण आलेली असते त्या शनिवारची दुपार आहे. आतल्या खोलीच्या दाराला कडी नसेल तर ती बसवून घ्या. जुन्या घरात भिंती माळ्यापर्यंत जात नाहीत, माजघरातलं खोकणं खोलीत आणि खोलीतलं बोलणं माजघरात ऐकू जातं, त्यामुळे नवराबायको आपोआप कुजबुजायला लागतात आणि मग बोलणंच बंद करतात. आईंची खाट ओटीलगतच्या खोलीत हलवण्याचा हाही एक फायदा असतो.

रोज अर्धा तास घराबाहेर काढा. संध्याकाळी आई दिवेलागणीनंतर टीव्ही बघत असतील, मूल किंवा शेजारीण जवळ असेल, तेव्हा बांधापर्यंत किंवा किनाऱ्यापर्यंत चालून या. या अर्ध्या तासात आईचा संडास, गोळ्या, भावाने पैसे पाठवले की नाही, हे विषय काढायचे नाहीत. त्या गोष्टी वहीत लिहायच्या आणि रविवारी सकाळी, बहीण घरात असताना, एकत्र बसून वाचायच्या. सुरुवातीला त्या अर्ध्या तासात बोलायला काहीच सुचत नाही. ते साहजिक आहे, चालत राहा.

आणखी एक गोष्ट नवऱ्यांसाठी. आई लेकीला फोनवर सांगतात, "आज जेवणच दिलं नाही." पक्षाघातानंतर हे होतं, विसर पडतो, मनही दुखरं होतं. बहिणीचा फोन येतो तेव्हा उत्तर बायकोने द्यायचं नाही. फोन तुम्ही घ्या, वहीतलं पान वाचून दाखवा: दुपारी साडेबाराला काय दिलं, किती खाल्लं. सुनेला स्वतःची बाजू स्वतःच मांडायला लागली की तिचं मन त्या घरातून उठतं. आणि तिची आईही म्हातारी होत असते. महिन्यातून दोन दिवस माहेरी जाण्याची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा, कलमांची फवारणी जशी लिहिता तशी.

भाऊ गणपतीला येतो तेव्हा

मुंबईची मंडळी तुतारी एक्सप्रेसने येतात, आईच्या खाटेजवळ बसून डोळ्यांत पाणी आणतात, आणि पाच दिवस पाहुणे म्हणून राहतात. सुनेवर आईंबरोबर बारा माणसांचा स्वयंपाक पडतो. हे टाळायचं असेल तर फोन श्रावणातच करा आणि तो भावाने भावाला करायचा: "दादा, गणपतीत रात्री तुमच्या. पहिल्या रात्री मी बरोबर बसतो, दुसऱ्या रात्रीपासून तुम्ही आणि वहिनी." पहिल्या रात्री उठवायची रीत, चादर, पट्टा सगळं हाताने करून दाखवा. नुसतं सांगून कुणाला येत नाही. मे महिन्यात आणि शिमग्यालाही हेच. उरलेल्या वर्षात भावाने घरबसल्या करण्यासारखं बरंच असतं: रोज आठच्या सुमारास आईला फोन, औषधांची मागणी, रुग्णालयाचे कागद एका जागी, आणि आई सत्तरीच्या पुढच्या असल्याने त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढणं. केंद्र सरकारने ते २०२४ मध्ये उत्पन्नाची अट न घालता सुरू केलं, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी. मात्र आपल्या जवळचं कुठलं रुग्णालय त्या यादीत आहे ते आधीच बघून ठेवायला हवं, आणि ते कामही भावाचंच.

प्रत्येक आजारपणानंतर, म्हणजे ताप, रुग्णालयातून परतणं किंवा नवी गोळी, आईंच्या रात्री बदलतात. जुनी वाटणी तशीच ओढू नका, सात रात्री परत वही भरा. उठणं पुन्हा चार-पाचवर गेलं आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही तर घंटा काही दिवस बाजूला ठेवून एकाने परत खाटेजवळ निजायचं, एकाआड एक. आणि दोघांपैकी कुणालाही कंबरदुखी सुरू झाली, गाडी चालवताना डुलकी आली, किंवा आईंवर हात उगारावासा वाटला, तर त्याच आठवड्यात रात्रीच्या बाईची एक रात्र वाढवा. पैशांचं बोलणं त्यानंतर करता येतं.